चाखता न येणारा नैवेद्य: पातोळ्यांच्या व्हिडिओची संहिता आणि कॅप्शन नव्याने लिहिताना

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका गावातला महिला स्वयंसहाय्य गट चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी पारंपरिक गोड पदार्थांचे छोटे व्हिडिओ करतो. गटात सात जणी आहेत. स्वयंपाक दोघी ज्येष्ठ बायका सांभाळतात, संहिता एक शाळाशिक्षिका लिहिते आणि चित्रण व जोडणी तिचा पुतण्या करतो. प्रेक्षक बहुतेक गोव्यातलेच, शिवाय मुंबई-पुण्यात स्थायिक झालेली माहेरची मंडळी. या गटाने पहिल्या वर्षी पातोळ्यांच्या नैवेद्याचा जो व्हिडिओ केला, तो पुढच्या वर्षी पूर्ण मोडून नव्याने लिहावा लागला. ते का आणि कसे घडले, ते पुढे दिले आहे. गावाचे आणि माणसांचे तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत.

पातोळ्या म्हणजे हळदीच्या पानावर तांदळाचे वाटण पसरून, मध्ये ओले खोबरे आणि गुळाचे सारण भरून, पान दुमडून वाफवलेला पदार्थ. गोव्यात नागपंचमीला आणि चवथीच्या दिवसांत हिंदू घरांत तो नैवेद्याला असतो. १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला ख्रिस्ती घरांतही तो होतो, म्हणून या व्हिडिओला दोन्हीकडचे प्रेक्षक होते. घटक चारच, पण वाटण किती घट्ट आणि सारण किती कोरडे हे हाताला कळावे लागते. ते मोबाइलच्या पडद्यावर कसे दाखवायचे, हाच खरा प्रश्न होता.

अडचण

पहिल्या वर्षीचा व्हिडिओ ९० सेकंदांचा होता. मागे संगीत, पडद्यावर तीन-चार ओळी आणि शेवटी काळ्या पट्टीवर पाच स्वच्छता-सूचना: हात धुवा, केस बांधा, भांडी स्वच्छ ठेवा, पाणी उकळून वापरा, अन्न झाकून ठेवा. व्हिडिओ खूप पाहिला गेला. मात्र चवथ आटोपल्यावर ज्यांनी तो पाहून पातोळ्या केल्या, त्यांच्याकडून तीन प्रकारच्या तक्रारी आल्या.

पहिली, पातोळ्या उघडताना फुटल्या आणि गूळ पानातून गळाला. दुसरी, काहींच्या मिळमिळीत तर काहींच्या फार गोड झाल्या, आणि दोघींना सारण चोथ्यासारखे कोरडे लागले. तिसरी तक्रार गंभीर होती. सकाळी केलेल्या पातोळ्या संध्याकाळच्या आरतीनंतर वाटल्या तेव्हा त्यांना आंबट वास येत होता. एका घरात तशाच पातोळ्या खाऊन दोन मुलांना रात्री उलट्या झाल्या. दोन्ही मुले दुसऱ्या दिवशी बरी झाली, पण गटाने व्हिडिओ काढून टाकला.

जुन्या संहितेतल्या शब्दांशी तक्रारी ताडून पाहिल्या तेव्हा जवळपास प्रत्येकीचे मूळ एखाद्या ओळीत सापडले. साहित्यात लिहिले होते, ‘खोबरे २ वाट्या, गूळ १ वाटी’. गोव्यातल्या बाईला खोबरे म्हटले की नारळ खवून घ्यायचा हे कळते. बाहेरच्या दोघींनी सुके खोबरे किसून घातले, चोथा तिथून आला. गुळाची वाटी कोणी चिरून भरली, कोणी दाबून. वाटीत गूळ किती बसला हे वाटीच्या मापावरून कळतच नाही. सारण शिजवायचे की नुसते कालवायचे, याचा उल्लेख नव्हता. गूळ खवलेल्या खोबऱ्याला लागला की तो त्यातले पाणी ओढून घेतो, आणि कालवून ठेवलेले सारण पाव तासात पाझरू लागते. त्या पाण्याने वाटणाचा थर मऊ पडतो, वाफ लागली की फाटतो. तरीही घरोघरी नुसते कालवलेले सारण चालते, कारण तिथे सारण कालवणारा आणि पान भरणारा हात एकच असतो आणि मध्ये दोन मिनिटेही जात नाहीत. व्हिडिओ पाहणारी बाई आधी सगळे मांडून घेते, मग एकेक भरायला बसते. तेवढ्या वेळात सारण पाझरलेले असते.

संध्याकाळच्या आंबट वासाला तर संहितेत कुठे जागाच नव्हती. ‘अन्न झाकून ठेवा’ एवढीच सूचना होती. प्रेक्षकांनी झाकून ठेवले आणि दमट ऑगस्टमध्ये ते आठ-नऊ तास तसेच राहिले.

नैवेद्याची अट

बाकी कोणत्याही पदार्थाची कृती सांगताना शेवटी ‘चव पाहून गूळ वाढवा’ म्हणून निभावून नेता येते. नैवेद्याला ती पळवाट नाही, कारण देवाला दाखवण्याआधी चाखलेले उष्टे होते. चूक सुधारण्याचा शेवटचा मार्गच बंद असल्यामुळे नैवेद्याच्या संहितेतली मापे इतर कृतींपेक्षा काटेकोर असावी लागतात. पहिल्या वर्षीच्या व्हिडिओत ही गोष्ट ध्यानातच घेतलेली नव्हती.

गटातल्या ज्येष्ठ काकींचे म्हणणे होते की त्यांना कधी मोजावे लागले नाही, वास आणि रंग पाहूनच कळते. ते खरेच आहे. पण त्यांच्या हाताला चाळीस वर्षांची सवय आहे आणि प्रेक्षकाला फक्त दोन मिनिटे मिळतात. शेवटी काकींनी नेहमीच्या पद्धतीने पातोळ्या करायच्या आणि बाजूला शिक्षिकेने प्रत्येक घटक घालण्याआधी काट्यावर ठेवायचा, असे ठरले. ही तालीम नैवेद्याची नव्हती, म्हणून चाखायला मोकळीक होती. तीनदा करून जे माप आले, ते संहितेत गेले.

पर्याय आणि त्यांवरचा विचार

पहिला प्रश्न सारणाचा. कालवलेल्या सारणाला ताज्या नारळाची चव राहते, शिजवलेले थोडे जड होते. संहिता लिहिणारीने शिजवलेले निवडले. एक तर ते पाझरत नाही. दुसरे, माडाच्या गुळात बऱ्याचदा बारीक रेव आणि काडीकचरा असतो. तो पाण्यात विरघळवून गाळल्याशिवाय जात नाही, आणि गाळायचे तर गूळ पातळ होणार, म्हणजे पुढे आटवणे आलेच. रेव दाताखाली आली की कृती कितीही चांगली असली तरी ती फसली. कालवलेल्या पद्धतीचे नाव कॅप्शनमध्ये एका ओळीत राखले, कारण नाहीतर ‘आमच्याकडे असे करत नाहीत’ म्हणणाऱ्यांचा सगळा वेळ त्यातच गेला असता.

दुसरा प्रश्न तांदळाचा. उकडा तांदूळ गोव्यात घराघरांत असतो, पण तो भिजायला जास्त वेळ घेतो आणि मिक्सरमध्ये रवाळ राहतो. म्हणून सुरय तांदूळ, म्हणजे न उकडलेला गावठी तांदूळ, चार तास भिजवून वाटायचा असे ठरले. तयार पिठीचा सोपा पर्याय सोडून दिला. पिठीला पाणी किती लागेल ते ती किती जुनी आणि किती बारीक दळलेली आहे यावर बदलते, आणि चाखण्याप्रमाणेच चाचपडण्यालाही इथे वाव नको होता. रात्रभर भिजवणेही नाकारले. उबदार पावसाळी हवेत रात्रभर भिजलेले तांदूळ आंबू लागतात आणि वाटणाला वास येतो.

तिसरा प्रश्न स्वच्छतेच्या सूचनांचा, आणि सर्वांत जास्त चर्चा त्यावरच झाली. शेवटी पट्टीवर येणाऱ्या सूचना कोणी वाचत नाही, हे सगळ्यांना मान्य होते. त्या सुरुवातीला आणाव्यात असा एक विचार होता, पण पहिल्या सहा सेकंदांत सूचनांची यादी दिसली की माणूस पुढे सरकतो. शिक्षिकेने सुचवले की सूचना वेगळ्या ठेवायच्याच नाहीत. हात जेव्हा पिठात जाणार, त्या क्षणी हात धुण्याची ओळ यावी. नारळ फुटतो तेव्हा नारळ तपासण्याची, आणि भांड्यावरून झाकण निघते तेव्हा वेळेची. याने व्हिडिओ ९० सेकंदांवरून साधारण दोन मिनिटांवर गेला. पुतण्याला ते लांब वाटत होते. पण जो माणूस खरेच करायला बसतो तो थांबवून थांबवून पाहतो, म्हणून त्याचाच विचार करायचा असे ठरले.

सूचना निवडताना जागतिक आरोग्य संघटनेची पाच सूत्रे समोर ठेवली होती: स्वच्छता राखा, कच्चे आणि शिजवलेले वेगळे ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि कच्चा माल निर्धोक घ्या. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा ‘भोग’ हा उपक्रमही पाहिला, पण तो मंदिरांसारख्या ठिकाणच्या प्रसादासाठी आहे. घरच्या स्वयंपाकघराला त्यातले सगळे लागू होत नाही. म्हणून पातोळ्यांत खरोखर कुठे बिघडू शकते, तेवढेच घेतले.

यातली वेळेची अट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिचे कारण जरा समजून घ्यायला हवे. वाफवले की सगळे जंतू मेले असे आपण धरतो, पण तसे होत नाही. तांदळात ‘बॅसिलस सीरियस’ या जंतूची बीजे असतात. ती वाफेला पुरून उरतात आणि शिजलेला भात कोमट राहिला की वाढू लागतात. वाढताना ते जे विष सोडतात, त्यातले उलट्या करणारे विष पुन्हा गरम केले तरी जात नाही. म्हणून संध्याकाळी पातोळ्या पुन्हा वाफवून घेऊ, हा उपाय चालत नाही. शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ही अट याचसाठी आहे. बोटावरच्या चिरेतून येणारा ‘स्टॅफिलोकॉकस’ हा जंतूही असाच विष मागे सोडतो, म्हणून बोटाला जखम असेल तर ती जलरोधक पट्टीने बांधावी, नाहीतर पान भरायचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

हातमोज्यांवर वाद झाला. पुतण्याला ते पडद्यावर चांगले दिसतील असे वाटत होते. काकींनी एकदा घालून पाहिले आणि काढून टाकले. वाटण मोज्याला चिकटते, थर नीट पसरत नाही, आणि मोजा घातला की हात स्वच्छच आहेत असे वाटून तोच हात फोनला लागतो. साबणाने धुतलेला उघडा हात बरा, असे ठरले.

बांगड्यांचा प्रश्न मात्र कोणाच्या लक्षातच आला नव्हता. पहिल्या मसुद्यात ‘अंगठ्या आणि बांगड्या काढा’ अशी ओळ होती. ती ऐकून दुसऱ्या ज्येष्ठ वहिनी म्हणाल्या, “चवथीच्या दिवशी सवाशिणीला बांगड्या काढ म्हणणारी तू कोण गे? कोण ऐकणार तुझं?” त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पाळलीच जाणार नाही अशी सूचना लिहून काही साधत नाही. शेवटी अंगठी काढायची, बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि मनगटही घासून धुवायचे, अशी ओळ झाली. ती सोवळ्यात राहणाऱ्यांनाही खटकली नाही. सोवळे आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण जिथे त्या जुळतात तिथून सांगितले तर ऐकले जाते.

उरला शब्दांचा प्रश्न. गोव्यात या सारणाला चून म्हणतात. घाटावर चून म्हटले की बेसन आठवते. संहितेत ‘चून’ हाच शब्द ठेवून पहिल्यांदा येईल तेव्हा ‘म्हणजे खोबरे-गुळाचे सारण’ एवढी फोड दिली. ‘खोबरे’ मात्र कुठेही एकटे लिहिले नाही. प्रत्येक ठिकाणी ‘ओले खोबरे, खवलेले’.

अंतिम संहिता

उभा व्हिडिओ. निवेदन एका बाईच्या आवाजात, सावकाश. वजनाचे प्रत्येक माप पडद्यावर निदान चार सेकंद राहते. मजकूर चित्राच्या वरच्या भागात असतो, कारण खाली कॅप्शन आणि उजवीकडे चिन्हे त्यावर येतात.

दृश्य १. तांदूळ पाण्यात. निवेदन: “चवथीच्या नैवेद्याला वीस पातोळ्या. नैवेद्य आपण चाखत नाही, म्हणून सगळे मोजून घ्या. तीनशे ग्रॅम सुरय तांदूळ तीन पाण्यांत धुऊन चार तास भिजवा.” पडद्यावर: सुरय तांदूळ ३०० ग्रॅम, ४ तास.

दृश्य २. हळदीची पाने. निवेदन: “वीस पाने. दोन्ही बाजू बोटाने पुसत वाहत्या पाण्याखाली धुवा, मधल्या शिरेच्या खाचेत माती आणि किडे राहतात. चुरगळून वास घ्या, हळदीचाच यायला हवा. जाड शीर मागून सुरीने छाटा, नाहीतर पान दुमडताना फाटते.”

दृश्य ३. नारळ फुटतो. निवेदन: “प्रत्येक नारळाचे पाणी वेगळ्या पेल्यात घ्या आणि वास पाहा. आंबूस असेल तर तो नारळ बाजूला. एक खराब नारळ सगळे बिघडवतो. ओले खोबरे खवा, करवंटीजवळचा तपकिरी भाग नको.” पडद्यावर: ओले खोबरे, खवलेले ३०० ग्रॅम, साधारण २ मध्यम नारळ.

दृश्य ४. गूळ गाळणे. निवेदन: “माडाचा गूळ एकशे ऐंशी ग्रॅम, पाव वाटी पाण्यात विरघळवून फडक्याने गाळा. मंद आंचेवर उकळी आली की खोबरे घाला. आठ ते दहा मिनिटे परता. कढईत उलथन्याने रेघ ओढली आणि रस्ता उघडा राहिला, की चून, म्हणजे खोबरे-गुळाचे सारण, तयार. अर्धा चमचा वेलची, चिमूट मीठ. ताटात पसरून थंड करा.” पडद्यावर: गूळ १८० ग्रॅम, पाणी ५० मिलि.

दृश्य ५. वाटण. निवेदन: “तांदूळ निथळून, पिण्याचे पाणी दीडशे मिलिलिटर थोडे थोडे घालत, अर्धा चमचा मीठ टाकून गंधासारखे वाटा. पान उभे धरले तर वाटण घसरू नये.” पडद्यावर: पातळ झाले तर १ चमचा तांदळाची पिठी, १० मिनिटे थांबा.

दृश्य ६. हात. निवेदन: “आता हात पिठात जाणार. अंगठी काढा, बांगड्या वर सरकवा. साबणाने बोटांच्या बेचक्या, नखे आणि मनगट घासा, मनात वीसपर्यंत मोजा. यापुढे फोनला हात लावू नका.”

दृश्य ७. भरणे. निवेदन: “पानाच्या गुळगुळीत बाजूवर वाटण दोन रुपयांच्या नाण्याएवढे जाड पसरा. कडेने बोटभर जागा सोडा. अर्ध्या भागावर एक मोठा चमचा चून, उभे दुमडून कडा दाबा.”

दृश्य ८. वाफ. निवेदन: “पाण्याला उकळी आल्यावरच पातोळ्या आत. एका वेळी सात-आठ, एकमेकींवर रचू नका. झाकणाला फडके बांधा, नाहीतर थेंब पडून वर चिकट होते. पंधरा मिनिटे मध्यम आंच, मग पाच मिनिटे बाहेर. पान सहज सुटले, तर झाली.”

दृश्य ९. ताट. निवेदन: “नैवेद्याच्या पातोळ्या पानातच ठेवून वर केळीचे पान झाका. माटोळीतून काही पडू नये. आरती होईपर्यंत असू द्या, पण वाफेतून काढल्यापासून दोन तासांत वाटून संपवा. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी वाटण आणि चून वेगवेगळ्या डब्यांत फ्रीजमध्ये ठेवा आणि ताज्या भरा.”

माटोळीची ओळ चित्रणाच्या दिवशी सुचली. देवापुढे ताट ठेवले तेव्हा वरून एक वाळके पान आणि मागोमाग मुंगी पडली. चवथीला घरात जिथे नैवेद्य असतो, तिथे वर रानफळे आणि पाने टांगलेली असतात, हे घरचे माणूस विसरून जाते.

कॅप्शन

पडद्यावर कॅप्शनच्या पहिल्या दोनच ओळी दिसतात, बाकीचे ‘अधिक’च्या आड जाते. आधीच्या वर्षी त्या ओळी शुभेच्छांनी भरल्या होत्या. या वेळी वेळ सांगणारी गोष्ट वर आणली, कारण तांदूळ भिजवायला उशीर झाला की बाकी सगळे निरर्थक होते. कॅप्शन असे झाले:

> पातोळ्या, २० नग. नैवेद्य दुपारी १२ला असेल तर तांदूळ पहाटे ५ला भिजवा.
> साहित्य: सुरय तांदूळ ३०० ग्रॅम, ओले खोबरे खवलेले ३०० ग्रॅम, माडाचा गूळ १८० ग्रॅम, हळदीची पाने २०, वेलची ½ चमचा, मीठ ½ चमचा वाटणात आणि चिमूट चुनात.
> वेळ: ९ला वाटण, ९.३०ला चून, १०.३०ला हात धुऊन भरणे, ११ला वाफ.
> नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून मापे तोलून घ्या. माडाच्या काळ्या गुळाचा रंग आणि गोडी दर ढेपेला वेगळी असते. ढेप नवीन असेल तर आदल्या दिवशी दोन पातोळ्या करून पाहा, ती चव पाहणे चालते.
> केलेल्या पातोळ्या बाहेर २ तासांपेक्षा जास्त नको. संध्याकाळी ताज्या वाफवा. उरलेल्या पुन्हा गरम करून वाढू नका.
> बोटाला जखम असेल तर दुसऱ्याला भरायला सांगा.
> यात दूध, गहू, सुकामेवा नाही. नारळ आहे.
> न शिजवलेले सारण वापरत असाल तर पान भरण्याच्या क्षणीच खोबरे आणि गूळ कालवा.

काळ्या गुळाची ओळ ठेवायची की नाही यावर बराच ऊहापोह झाला. तीनशेला एकशे ऐंशी हे माप तालमीत एकाच ढेपेवर ठरले होते. माडाचा गूळ घरगुती असतो आणि त्यात थोडा खारटपणाही उतरतो. सगळ्या ढेपांना हे माप चालेलच असे म्हणणे खोटे ठरले असते. आदल्या दिवसाची चाचणी हा त्याला तोडगा आहे, आणि नैवेद्याच्या नियमालाही तो धरून आहे.

काय घडले

व्हिडिओ चवथीच्या सहा दिवस आधी आला. फुटण्याची तक्रार जवळपास थांबली. ज्यांच्या फुटल्या, त्यांच्यातल्या बहुतेकींनी पातोळ्या एकावर एक रचल्या होत्या. वरच्या कच्च्या राहिल्या आणि पानाला चिकटल्या. संध्याकाळच्या वासाबद्दल एकही निरोप आला नाही. उलट चून आणि वाटण फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी ताज्या करण्याची युक्ती सगळ्यांना आवडली. पाहुणे नेमके त्या वेळेला येतात आणि गरम पातोळी मिळते, हे कारणही असावे.

दोन चुका मात्र पडद्यावर गेल्या. जोडणी करताना हात धुण्याचे दृश्य वेगात सरकवले गेले. निवेदनात वीसपर्यंत मोजायला सांगितले आहे आणि चित्रात ते चार सेकंदांत संपते. एका परिचारिकेने ते लगेच दाखवून दिले. दुसरी चूक याहून वाईट. दृश्य सातमध्ये वाटण पसरणारा हात मध्येच फोन उचलून जागेवर ठेवतो, आणि मागच्याच दृश्यात फोनला हात लावू नका म्हटलेले आहे. काकींनी कॅमेरा हलला म्हणून तो सरळ केला होता.

गोव्याबाहेरून ‘सुरय म्हणजे काय’ असे बरेच प्रश्न आले, कारण फोड फक्त चर्चेत झाली होती, संहितेत आलीच नव्हती. आणि ज्यांच्या घरी तोलकाटा नव्हता त्या हवालदिल झाल्या.

पुन्हा करायचे तर

चित्रण करणारा आणि स्वयंपाक करणारा यांच्यात अंतर ठेवणे पहिले. कॅमेरा तिकाटण्यावर, आणि तो हलवायचा असेल तर फक्त पुतण्याने. स्वयंपाक करणाऱ्या हाताला फोन दिसेल असे दृश्य तपासणीत बाद करायचे. हात धुण्याचे दृश्य लहान करायचे असेल तर वेग वाढवू नये. ते मधोमध कापून पडद्यावर ‘२०’ हा आकडा ठेवावा, म्हणजे वेळ खोटी वाटत नाही.

तोलकाट्याशिवायचे माप देता येईल का, यावर गटात अजून एकमत नाही. शिक्षिकेचे म्हणणे असे की एका ठराविक वाटीत चिरून, न दाबता भरलेल्या गुळाचे वजन कॅप्शनमध्ये लिहावे आणि वाटीचा आकार मिलिलिटरमध्ये द्यावा. काकींच्या मते गूळ चिरलेला कसा हे ज्याच्या-त्याच्या सुरीवर असते, म्हणून सरळ नारळ मोजा: दोन मध्यम नारळांना मूठभर गुळाच्या तीन ढेकळ्या. पुढच्या तालमीत दोन्ही मापांनी एकेक घाणा करून, चाखून, त्यातले एक घ्यायचे ठरले आहे. सुरय तांदळाची फोड मात्र पहिल्याच दृश्यात जाईल: ‘सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ’.